चहाच्या फ्रँचायझीचा चौकशी व्हिडिओ: कमाई आधी कपांत सांगा

प्रश्न: "आमचा चहाचा छोटा ब्रँड आहे. आजवर नऊ दुकानं उघडली, सात चालू आहेत, दोन बंद पडली. फ्रँचायझी चौकशीसाठी तीन-चार मिनिटांचा व्हिडिओ करायचाय. गुंतवणूक, आमची मदत आणि कमाई त्यात कशी सांगावी? 'महिन्याला लाखभर' म्हटलं की फोन खूप येतात, पण वर्षभरात भांडणं होतात. खरं सांगितलं तर कोणी येईल का?"

येतील, पण कमी येतील. जे येतील ते हिशोब समजून येतील, आणि दुकान चालवायला तेच लोक टिकतात. मी गेली बरीच वर्षं पुण्यात आणि आसपासच्या जिल्ह्यांत चहा-नाश्त्याच्या ब्रँडसाठी चौकशीचे व्हिडिओ आणि माहितीपत्रकं लिहितो. करार फिसकटल्यावर दोन्ही बाजूंचे कागद बघायचं कामही अनेकदा माझ्याकडे आलं आहे. त्या भांडणांत चहाच्या चवीचा विषय क्वचितच निघाला. जवळपास प्रत्येक वेळी मोबाइलवर तो जुना व्हिडिओ काढला जायचा आणि समोरचा म्हणायचा, "हे बघा, तुम्हीच म्हणाला होता."

तुमची खरी अडचण माझ्या मते अशी आहे: "लाखभर" हा आकडा विक्रीचा आहे, मिळकतीचा आहे, की सगळ्यांत चांगल्या दुकानाच्या एखाद्या पावसाळी महिन्याचा आहे, हे व्हिडिओत कुठेच कळत नाही. ऐकणारा तो आपल्या खिशात येणारा पैसा समजतो. म्हणून मी कमाई रुपयांत सांगण्याआधी कपांत सांगतो. रोज किती कप गेले की खर्च निघतो, आणि तुमच्या दुकानांत प्रत्यक्षात किती कप जातात, हे दोन आकडे स्क्रिप्टचा कणा आहेत. कप मोजता येतो. शेजारच्या टपरीसमोर दोन तास उभं राहून कुणीही तो मोजू शकतो. "महिन्याला लाखभर" मात्र कुणालाच पडताळता येत नाही.

आधी एक कप नीट उलगडतो. पुढचे सगळे आकडे नमुन्यासाठी आहेत, तुमच्या गावच्या दुधाच्या आणि भाड्याच्या दराने ते बदला. एक लिटर दूध साठ रुपये, त्यात चारशे मिली पाणी, दीडशे ग्रॅम साखर, पस्तीस ग्रॅम पावडर आणि थोडा मसाला. उकळून, गाळून सत्तर मिलीचे सतरा ते अठरा कप निघतात. दुधाचे ६०, साखरेचे ७, पावडरीचे १४, मसाल्याचे ३, म्हणजे ८४ रुपये. एका कपाला साधारण ४ रुपये ८० पैसे झाले. कागदी कप आणि गॅस धरला की पावणेसहापर्यंत जातं. सांडलेला, रात्री उरलेला, ओळखीच्याला फुकट दिलेला धरून मी सहा रुपये लावतो. कप बारा रुपयांना विकला तर हातात सहा रुपये राहतात. चहात ऐंशी टक्के मार्जिन असतं असं सांगणारे दूध आणि कागदी कप बहुतेक विसरलेले असतात.

आता दुकान. तालुक्याच्या गावी कॉलेज रस्त्यावरचा गाळा धरा. भाडं १८,०००. चहा करणारा कारागीर १६,०००, हाताखालचा पोरगा ११,०००. वीज, पाणी, साफसफाई ४,०००. मोडतोड आणि किरकोळ २,०००. म्हणजे चहा विको न विको, महिन्याला ५१,००० जाणार. खारी, क्रीमरोल, बनमस्का यांतून साधारण ४,८०० सुटतात (रोज आठशेची विक्री, वीस टक्के मार्जिन). उरले ४६,२०० रुपये, ते चहाने काढायचे. कपाला सहा रुपये आणि महिन्याचे तीस दिवस धरले तर रोजचा एक कप महिन्याला १८० रुपये देतो. ४६,२०० भागिले १८०, म्हणजे २५७. रोज २५७ कप गेले तर खर्च निघतो आणि मालकाच्या हाती एक पैसाही राहत नाही. व्हिडिओत सगळ्यात ठळक दाखवायचा आकडा हाच.

याच हिशोबातून फोनवर कामाला येणारी एक गोष्ट निघते. भाडं हजार रुपयांनी वाढलं की खर्च निघायला रोज साडेपाच कप जास्त लागतात. चौकशी करणारा म्हणाला, "गाळा चांगला आहे, पण भाडं तीस हजार," तर त्याला लगेच सांगता येतं की खर्च निघायलाच रोज सव्वातीनशेच्या आसपास कप लागतील. हे ऐकून तो स्वतःच दुसरा गाळा शोधायला लागतो. मालक स्वतः पातेल्यापाशी उभा राहिला तर कारागिराचे सोळा हजार वाचतात हे खरं आहे. पण ती त्याची मजुरी झाली. तिला नफा म्हणू नका, व्हिडिओत वेगळी सांगा.

आता तुमच्या दुकानांत प्रत्यक्षात किती कप जातात ते. इथे सगळ्यात सोपी चूक म्हणजे चालू असलेल्या सात दुकानांची सरासरी सांगणं. समजा नऊ दुकानांचे रोजचे कप असे आहेत: बंद पडलेल्या दोघांचे, ती चालू असतानाचे, १४० आणि १७०, आणि बाकीच्यांचे २४०, ३१०, ३५०, ३९०, ४३०, ५२०, ६२०. चालू सातांची सरासरी ४०९ येते. ऐकायला प्रामाणिक वाटते, कारण एकही आकडा खोटा नाही. पण तुमच्याकडे येणारा दहावा माणूस बंद पडलेल्यांत जाईल की चाललेल्यांत, हे त्याला माहीत नसतं आणि तुम्हालाही नसतं. म्हणून नऊही दुकानं ओळीने मांडून मधलं घ्या. ते ३५० कपांचं आहे. व्हिडिओत हेच सांगा, आणि सोबत सर्वांत कमी व सर्वांत जास्तही सांगा. नऊच दुकानं असताना याहून मोठा निष्कर्ष काढू नका.

हे आकडे पूर्ण बारा महिन्यांचे हवेत. जुलै-ऑगस्टमध्ये चहा वेगळा खपतो, एप्रिल-मेमध्ये उन्हाने आणि कॉलेजच्या सुट्टीने तोच गल्ला बराच खाली येतो. दुकानदाराने तोंडी सांगितलेले कपही घेऊ नका. दुधाची बिलं मागा. लिटरला साडेसतरा कप धरले तर ३५० कपांना रोज वीस लिटर दूध लागतं. कुणी "हजार कप जातात" म्हणत असेल तर रोज सत्तावन्न लिटरचं बिल दिसायला हवं. मी एका ब्रँडसाठी असे कागद बघितले होते. सहाशे कप सांगणाऱ्या दुकानाचं दूध अठरा लिटर होतं. मालक खोटं बोलत नव्हता. गर्दीच्या दोन तासांवरून त्याने पूर्ण दिवस मोजला होता.

३५० कपांचं दुकान मिळकतीत कुठे बसतं? ३५० गुणिले १८० म्हणजे ६३,०००, त्यात खारी-बनचे ४,८००, वजा ५१,०००. उरले १६,८००. यातून कर्जाचा हप्ता गेलेला नाही. तुमची फी तीन वर्षांच्या करारासाठी असेल तर तीही या महिन्यांवर पसरवावी लागते. दोन लाख फी आणि तिच्यावर अठरा टक्के जीएसटी, एकूण २,३६,०००, भागिले ३६ महिने, म्हणजे महिन्याला साधारण ६,५५०. हातात खरे राहिले सव्वादहा हजार. कारागीर ठेवून, स्वतः फक्त गल्ल्यावर लक्ष देणाऱ्या माणसाची ही कथा. हा आकडा व्हिडिओत सांगायचा म्हटलं की बहुतेक ब्रँडमालक माझ्याकडे बघत राहतात. मी त्यांना विचारतो: हा आकडा सांगायची लाज वाटत असेल तर फी कमी करायला हवी का, चहाचा दर वाढवायला हवा का, की कमी भाड्याचेच गाळे मंजूर करायला हवेत? एका ब्रँडने यानंतर फी निम्मी केली. पंधरा हजारांपेक्षा जास्त भाड्याच्या गाळ्याला परवानगी द्यायची नाही, असा नियमही केला.

वरच्या टोकालाही काळजी घ्या. रोज ५०० कप गेले तर सरळ हिशोबाने ४३,८०० उरतात. पण पाचशे कपांना दोन माणसं पुरत नाहीत. तिसऱ्याचे ११,००० काढले की ३२,८०० राहिले. वर्षाची विक्री तेव्हा चोवीस लाखांवर जाते. महाराष्ट्रात वीस लाखांच्या वर जीएसटी नोंदणी लागते, आणि पाच टक्के कर बारा रुपयांच्या कपातूनच द्यावा लागतो, कारण गिऱ्हाईक साठ पैसे सुटे देत नाही. महिन्याला साधारण ९,७०० त्यात जातात. राहिले २३,०००. शिवाय या पाच टक्क्यांच्या पद्धतीत फीवर भरलेल्या ३६,००० जीएसटीची वजावट मिळत नाही, म्हणून मी तो पूर्ण खर्चच धरतो. रोज चारशे कपांच्या आसपास ही वीस लाखांची रेषा ओलांडली जाते. वाढत्या कपांचा सरळ गुणाकार करून दाखवणारी पाटी व्हिडिओत ठेवूच नका.

गुंतवणुकीचं बोलणं यापेक्षा सोपं आहे, पण तिथे झाकाझाक जास्त चालते. "फक्त ३ लाख ८० हजारांत स्वतःचं दुकान" असं लिहिलं जातं, तेव्हा त्यात फी आणि काउंटर-भांडी-पाटी एवढंच असतं. पूर्ण यादी अशी बोला: फी जीएसटीसह २,३६,०००, काउंटर, शेगडी, भांडी, पाटी १,८०,०००, गाळ्याचं डिपॉझिट १,००,०००, रंगकाम, वायरिंग आणि नळ ६०,०००, पहिला माल २५,०००. हे झाले ६,०१,०००. त्यावर तीन महिन्यांचं भाडं आणि पगार बाजूला, म्हणजे १,३५,०००. एकूण ७,३६,०००. मग लगेच सांगा की दुकान बंद करावं लागलं तर यातलं काय परत मिळतं. डिपॉझिट गाळामालकाकडून मिळेल, भांडी आणि काउंटर मोडीच्या भावाने जातील, फी परत मिळणार नाही. तीन महिन्यांची रक्कम मी सोडू देत नाही. नव्या दुकानाला गिऱ्हाईक लागायला वेळ लागतो, आणि माझ्या बघण्यात बंद पडलेली कितीतरी दुकानं चौथ्या महिन्याच्या भाड्याला अडली.

"रॉयल्टी शून्य" म्हणत असाल तर तुमचं उत्पन्न कुठून येतं तेही सांगा. बहुतेक ब्रँड पावडर आणि मसाला विकून कमावतात. त्यात गैर काही नाही. ३५० कपांच्या दुकानाला महिन्याला साधारण एकवीस किलो पावडर लागते. तुमचा दर बाजारापेक्षा किलोमागे ऐंशी रुपये जास्त असेल तर दुकानदार महिन्याला १,६८० रुपये तुम्हाला देतोच आहे. स्वतःहून सांगितलं तर तो हे मान्य करतो. सहा महिन्यांनी किराणा दुकानात त्याला कळलं तर तो बाहेरची पावडर वापरायला लागतो, आणि चव तिथून बिघडते.

मदतीबद्दल एकच कसोटी लावा. प्रत्येक वाक्यात कोण, किती दिवस आणि कधीपर्यंत, हे तिन्ही आलं पाहिजे. "संपूर्ण सहकार्य" हे शब्द स्क्रिप्टमधून काढून टाका. एका ब्रँडच्या व्हिडिओत "प्रशिक्षित स्टाफ आम्ही देऊ" असं वाक्य होतं. लिहिताना मी ते अडवलं नाही, ती माझी चूक. कारागीर पाठवला गेला, तीन आठवड्यांत गावी निघून गेला. ब्रँड म्हणाला, "दिला होता की." दुकानदार म्हणाला, "द्यायचा म्हणजे ठेवायचा." दोघंही आपापल्या जागी खरं बोलत होते, कारण वाक्यातच काही ठरलेलं नव्हतं. चौदा दिवस दुकान बंद राहिलं आणि ते गिऱ्हाईक पुन्हा आलं नाही. तेव्हापासून मी काय देणार नाही हेसुद्धा त्याच श्वासात लिहितो.

आता स्क्रिप्ट. बोलण्याचा वेग मिनिटाला सव्वाशे शब्दांच्या आसपास ठेवला तर साडेतीन मिनिटांत सव्वाचारशे-साडेचारशे शब्द बसतात. सुरुवातीला वीस सेकंद चहा आणि ओळख, मग गुंतवणूक, मदत, कमाई, आणि शेवटी चौकशी कशी करायची. कमाईला सगळ्यात जास्त वेळ द्या. मदतीचा आणि कमाईचा भाग मी असा लिहीन:

"दुकान उघडण्याआधी तुम्ही किंवा तुमचा कारागीर आमच्या दुकानात सात दिवस काम शिकाल. उघडल्यानंतर आमचा माणूस पहिले पाच दिवस तुमच्या दुकानात असेल. पावडर आणि मसाला मागणी दिल्यापासून तीन दिवसांत पोचेल. कामगार तुम्ही शोधायचे आणि ठेवायचे. गाळाही तुमचा. आम्ही तो बघून होय किंवा नाही म्हणू, पण आमच्या होकाराने विक्रीची खात्री मिळत नाही.

आता कमाई. आम्ही आजवर नऊ दुकानं उघडली. सात चालू आहेत, दोन बंद झाली. गेल्या वर्षी मधल्या दुकानात रोज सरासरी ३५० कप गेले. नऊ दुकानांत सर्वांत कमी १४०, ते दुकान बंद झालं, आणि सर्वांत जास्त ६२०. अठरा हजार भाडं आणि दोन कामगार असतील तर रोज २५७ कप विकल्यावर फक्त खर्च निघतो. ३५० कपांवर महिन्याला साधारण १६,८०० उरतात. त्यातून फी वसूल व्हायची आहे आणि कर्ज असेल तर हप्ताही जायचा आहे. तुमचं भाडं वेगळं असेल तर हे आकडेही वेगळे येतील. दोन दुकानं का बंद झाली ते भेटीत सांगू, आणि चालू दुकानदारांपैकी तुम्ही निवडाल त्या दोघांशी बोलणं करून देऊ."

तुमचं दुकान का बंद झालं हे तुम्हाला खरोखर माहीत असेल तर ते व्हिडिओतच एका वाक्यात सांगा. "भाडं जास्त होतं, समोर रस्त्याचं काम वर्षभर चाललं" हे वाक्य कुठल्याही प्रशस्तीपेक्षा जास्त विश्वास देतं.

चित्रीकरणात दोन गोष्टी पाळा. मधल्याच दुकानात चित्रीकरण करा, सहाशे कपांच्या बसस्टँडवरच्या दुकानात नको. दुपारी तीनची शांत वेळही थोडी दिसू द्या. दुसरं, आकडा बोलला जात असतानाच त्याची अट पडद्यावर दिसली पाहिजे, मराठीतच आणि वाचता येईल एवढी मोठी. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत केंद्राची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. अटीची भाषा दाव्याचीच असावी, आणि दावा बोलून केला असेल तर अट त्याच्यासोबतच दिसावी, असं त्यांत म्हटलं आहे. शेवटी बारीक अक्षरांत "अटी लागू" टाकून भागत नाही. पडद्याच्या कोपऱ्यात "आकडे अमुक महिन्यापर्यंतचे" असं लिहा आणि दुधाचा दर बदलला की तो भाग नव्याने करा.

भारतात फ्रँचायझीसाठी वेगळा कायदा नाही, म्हणून काहीही बोलता येतं असा समज आहे. तो चुकीचा आहे. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम १७, १८ आणि १९ प्रमाणे फसवून किंवा चुकीची माहिती देऊन मिळवलेला करार समोरचा रद्द करायला जाऊ शकतो, आणि तुमचा व्हिडिओ तिथे पुरावा होतो. "पैसे तुम्ही लावा, दुकान आम्ही चालवू, महिन्याला ठरलेली रक्कम देऊ" हा प्रकार तर चहाचा धंदाच राहत नाही. तो ठेव गोळा करण्याकडे झुकतो. तिथे अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा २०१९ चा केंद्राचा कायदा आणि ठेवीदारांच्या संरक्षणाचा महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा आड येऊ शकतात. तसा विचार असेल तर वकिलाशी बोलल्याशिवाय कॅमेरा सुरू करू नका.

राहता राहिले फोन. व्हिडिओ कितीही काळजीने केला तरी फोन उचलणारा पोरगा "अहो साहेब, लाख कुठेच गेले नाहीत" म्हणाला की सगळं वाया जातं. त्याच्या पगारात विकलेल्या फ्रँचायझीमागे कमिशन असेल तर तो हे म्हणणारच. कमिशन दुकान उघडताना निम्मं आणि दुकानाला एक वर्ष झाल्यावर निम्मं द्या. चौकशीच्या अर्जात गाळ्याचं भाडं किती, दुकानात स्वतः कोण बसणार आणि पैशांपैकी कर्ज किती, एवढे तीन प्रश्न आधी घ्या. पहिल्या फोनवर त्याने त्या भाड्याला किती कप लागतात तो हिशोब सांगायचा. मग चौकशी करणाऱ्याला त्याच्याच रस्त्यावरच्या टपरीवर सकाळी सात ते नऊ आणि संध्याकाळी पाच ते सात, एक कामाचा दिवस आणि एक रविवार, कप मोजून यायला सांगायचं. पुढची भेट त्या कागदावरूनच ठरवा.